सोसायटीचा 'आग लागल्यास' आराखडा: कुठे कुठे फसेल ते सांगा

तेरावा_मजला

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला राहते. यंदा सोसायटीच्या समितीत माझी वर्णी लागली (म्हणजे दुसरं कुणी उभंच राहिलं नाही) आणि वाटपात 'सुरक्षा' माझ्याकडे आली. फाइलीत २०१९ सालचा आपत्कालीन आराखडा सापडला. मुखपृष्ठ धरून चार पानं, त्यातलं एक पान फोन नंबरांचं.

इमारत अशी: स्टिल्ट आणि वर १४ मजले, मजल्याला सहा फ्लॅट, एकूण ८४. दोन जिने, दोन लिफ्ट, आठव्या मजल्यावर रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा. आराखड्यातला मुख्य मजकूर जसाच्या तसा देते:

१. आगीची सूचना मिळताच सुरक्षारक्षक सचिवांना कळवतील. सचिव खात्री करून अग्निशमन दलास दूरध्वनी करतील.
२. इलेक्ट्रिशियन मेन स्विच बंद करेल.
३. सचिव ध्वनिक्षेपकावरून रहिवाशांना इमारत रिकामी करण्याची सूचना देतील.
४. मजला प्रमुख आपापला मजला रिकामा करून शिरगणती देतील. वृद्ध व आजारी व्यक्तींना स्वयंसेवक खाली आणतील.
५. दोन्ही जिन्यांचा वापर करावा. लिफ्ट वापरू नये.
६. सर्वांनी मुख्य गेटजवळ जमावे.

पहिल्या वाचनात मला हे बरं वाटलं होतं. मग सासूबाईंनी विचारलं, "रात्री आग लागली तर मला कोण उचलणार, नाव सांग." नाव काही सापडलं नाही. तेव्हापासून एकेक ओळ खटकायला लागली आहे. जाणकारांनी मदत करावी.

---

चाळकरी

ताई, एक सल्ला देतो. इमारत रिकामी करायच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. आमच्याकडे पालिकेने इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक दाखवून रिकामी करायची ३५४ ची नोटीस लावली, लोक भाबडेपणाने बाहेर पडले, आणि आता ट्रान्झिट भाड्यासाठी चकरा मारतायत. आधी स्वतःचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. पर्यायी जागेचा करार रजिस्टर झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

---

तेरावा_मजला

@चाळकरी, काका, पुनर्विकास नाही हो, आगीबद्दल विचारतेय. तुमचं प्रकरण ऐकून वाईट वाटलं, पण आमची इमारत बारा वर्षांचीच आहे.

---

चाळकरी

अच्छा. मग ठीक. आमच्या चाळीत आग लागली तर अख्खी चाळ दोन मिनिटांत अंगणात असायची, आराखडा कसला न् काय. असो.

---

बंबवाला

अग्निशमन दलात एकतीस वर्षे काढली, आता निवृत्त आहे. ताई, तुमचा आराखडा मी शेकडो वेळा वाचलाय. इमारतीचं नाव बदलतं, मजकूर हाच.

एक सोपी कसोटी सांगतो. घड्याळात रात्रीचे दोन चाळीस लावा आणि प्रत्येक ओळीतल्या कर्त्याला शोधायला निघा. सचिव कुठे आहे? इलेक्ट्रिशियन कुठे राहतो? ध्वनिक्षेपक कुठल्या खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे? तुमच्या सहा ओळींत सचिव दोन ठिकाणी आहे. तो गावाला गेलेला असला तर बंबही येत नाही आणि लोकही उठत नाहीत. पद लिहिलं म्हणजे माणूस नेमला, असं होत नाही.

पहिली ओळ तर आजच खोडा. खात्री करून फोन करायचा नसतो. ज्याला धूर दिसला त्याने १०१ लावायचा, मग सचिव. वर्दी खोटी निघाली तर आम्ही चहा न घेता परत जातो, कुणी रागावत नाही. पण 'सचिवसाहेबांनी सांगितल्याशिवाय कसा करू' म्हणून वॉचमन थांबलेला मी पाहिलाय, आणि तेवढ्यात जिना धुराने भरलेलाही पाहिलाय. माणूस ज्वाळेने कमी मरतो, धुराने जास्त.

---

रात्रपाळी

साहेब बरोबर बोलले. मी सिक्युरिटीत नऊ वर्षं सुपरवायझर होतो, आता गावी शेती बघतो. खरं सांगू का, मॅडम? रात्री गेटवर दोनच माणसं असतात. एकाला गेट सोडता येत नाही. दुसरा राउंडला असला तर फायर अलार्मच्या पॅनेलजवळ कोणीच नसतं.

आणि पॅनेलचं तर विचारूच नका. एका सोसायटीत रोज कोणाच्या तरी फोडणीने हूटर वाजायचा, मेंबर लोक इंटरकॉमवर शिव्या द्यायचे. शेवटी पोरांनी हूटर म्यूट करून ठेवला. कंपनीवाला यायचा त्या दिवशी चालू, तो गेला की पुन्हा म्यूट. दोष पोरांचा नाही. ज्या पोराला वाजल्याबद्दल शिव्या पडतात तो बंदच करणार.

अजून एक. आराखडा कुठल्या भाषेत आहे? आमची निम्मी पोरं बिहार-ओरिसाची. मराठी कागद, इंग्रजी कागद, दोन्ही त्यांना सारखेच. एजन्सी दर चार महिन्यांनी माणूस बदलते, त्याला कोणी काही दाखवत नाही.

---

तेरावा_मजला

@रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता खाली जाऊन आले. पॅनेलवर पिवळा दिवा आहे आणि शेजारी चिकटपट्टीने कागद लावलाय: 'टच मत करना'. कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. पॅनेलवर 'ZONE 6' असं काहीतरी दिसतं, पण झोन सहा म्हणजे सहावा मजला की पार्किंग, याचा तक्ता कुठेच नाही. वॉचमन म्हणाला, सहावा मजला. सचिव म्हणाले, पार्किंग.

आराखडा इंग्रजीत आहे. वर मी दिलं ते माझं भाषांतर.

---

पेठेतला

आपण उगाच घाबरून जातो असं वाटतं. आमच्या सोसायटीचा बी फॉर्म, म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैला न चुकता भरला जातो. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात तेवढंच सांगितलंय. परवानाधारक एजन्सीने सही केली म्हणजे यंत्रणा ठीक आहे. ती ठीक असल्यावर आराखडा हा एक उपचार.

आणि लिफ्टबद्दल: आजकाल सगळ्या लिफ्टना एआरडी असतो. वीज गेली तरी लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. त्यामुळे 'लिफ्ट वापरू नये' हे जुन्या काळचं झालं. म्हाताऱ्या माणसांना लिफ्टनेच न्यावं.

---

बंबवाला

@पेठेतला, तुमचं अर्धं खरं आहे. बी फॉर्म हवाच, आणि तो सहा महिन्यांनीच असतो. पण तो पंप, नळ, हूटर यांच्याबद्दल असतो. सही झाली त्या दिवशी ते चालत होते, एवढंच तो सांगतो. गच्चीची किल्ली कुणाकडे, जिन्यात कुणाचं कपाट, हे त्यात येत नाही. एजन्सीने पंप चालवून दाखवला आणि जाताना पॅनेल 'मॅन्युअल'वर ठेवून गेली, तर सही खरी, पण रात्री पंप आपोआप सुरू होणार नाही.

लिफ्टचं मात्र जिवावर बेतेल असं लिहिलंत. एआरडी वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणतो. तो जवळचा मजला आगीचाच असू शकतो, आणि दार तिथेच उघडेल. लिफ्टच्या विहिरीतून धूर चिमणीसारखा वर चढतो, तो वेगळाच. लिफ्ट वापरायची तर दलाच्या माणसाने, फायरमन स्विच टाकून. रहिवाशाने नाही.

---

पेठेतला

जवळचा मजला आगीचाच असू शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं. मान्य. पण मग नव्वदीच्या माणसाने बारा मजले उतरायचे कसे, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही.

---

बंबवाला

त्यावर येतो. आधी जिने बघू, कारण तिथेच गोम असते. ताई, तुमच्याकडे दोन जिने आहेत म्हणालात. दोन्ही वरून खालपर्यंत स्वतः चाला, आणि खाली कुठे बाहेर पडता ते बघा. नकाशात नको, पायांनी.

---

तेरावा_मजला

शनिवारी चालून आले. सोबत नवरा, हातात मोबाइलचं घड्याळ आणि मोजपट्टी. नीट सांगते, कारण इथेच माझी झोप उडाली.

मुख्य जिना: चौदाव्यावरून खाली यायला मला चार मिनिटं लागली, निवांत. बारा आणि नऊ या मजल्यांवर जिन्याचं दार विटेने उघडं ठेवलेलं होतं, वारा यावा म्हणून. पाचव्यावर चपलांचं कपाट आणि त्यावर तुळस. तिथे जिन्याची रुंदी एक मीटर वीस, कपाटाने अडवल्यावर उरते पंचाहत्तर सेंटिमीटर. तिसऱ्यावर सायकली, चार.

दुसरा जिना: याला सगळे 'मागचा जिना' म्हणतात आणि कुणीच वापरत नाही. रेफ्युजपर्यंत ठीक. रेफ्युजमध्ये गणपतीचा मांडव आणि जुने सोफे. तिथून खाली सातव्यापर्यंत दिवेच नाहीत. आणि तळाला? २०२१ साली तिथे व्यायामशाळा केली. जिन्याचं दार व्यायामशाळेत उघडतं. व्यायामशाळेला लोखंडी जाळी, आणि ती रात्री दहाला कुलूपबंद होते.

म्हणजे रात्री दहानंतर मागच्या जिन्याने उतरणारा माणूस कुलुपामागे अडकणार. कागदावर दोन जिने, रात्री एक.

आणि तो एक कुठे उतरतो? स्टिल्टमध्ये, मीटर रूमच्या दारासमोर. अंतर तीन पावलं.

---

बंबवाला

हेच. आणि मीटर रूमच का महत्त्वाची, ते सांगतो. निवासी इमारतीतल्या कितीतरी आगी मीटर बॉक्स किंवा वायरींच्या डक्टमध्ये सुरू होतात. तुमचा एकमेव चालू जिना तिथेच उतरतो. तळाला पेटलं की धूर आधी जिन्यात शिरतो, आणि बाराव्यावर वीट लावलेली असल्यामुळे तो जिन्यात राहत नाही, थेट मजल्यात येतो. ती वीट काढणं हे तुमच्या अख्ख्या आराखड्यातलं सर्वात स्वस्त काम आहे.

गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये जय भवानी इमारतीत पहाटे तीनच्या सुमारास असंच झालं. आग खाली पार्किंगमध्ये, गाड्या आणि साठवलेल्या कापडात, आणि धूर वर. वरच्या मजल्यांवरचे लोक आगीपासून लांब होते, धुरापासून नव्हते.

---

विलायती_वऱ्हाडी

लंडनहून लिहितोय. धागा आवडीने वाचतोय, कारण इथे आमच्या टॉवरमध्ये २०१७ नंतर यावर फार काथ्याकूट झाला.

ग्रेनफेल टॉवरमध्ये नियम उलटा होता: तुमच्या घरात आग नसेल तर घरातच थांबा. काँक्रीटची इमारत, प्रत्येक फ्लॅट म्हणजे बंद डबा, आग डब्यातच राहील, असं गृहीत धरलेलं. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावर फ्रिजमधून आग लागली आणि बाहेरच्या आवरणावरून सगळीकडे चढली. पहिला फोन १२:५४ ला गेला. 'घरातच थांबा' हा सल्ला मागे घेतला २:४७ ला. ७२ माणसं गेली. जिना एकच होता.

म्हणून विचारतो: ताईंच्या आराखड्यात 'सगळे बाहेर पडा' हे एकच वाक्य आहे. आग तिसऱ्यावर असेल आणि जिना धुराने भरलेला असेल, तर तेराव्यावरच्या माणसाने बाहेर पडावं की थांबावं? हे कोण ठरवणार, आणि ठरलेलं बदललं तर ते त्याला कसं कळणार?

---

पेठेतला

थांबावंच. ओला टॉवेल दाराखाली लावायचा आणि बसायचं. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका शाळकरी मुलीने ओल्या कापडाच्या युक्तीने शेजाऱ्यांनाही धीर दिला होता, पेपरांत आलं होतं.

---

बंबवाला

ती पोर हुशार होती, आणि तिला शाळेत कुणीतरी शिकवलं होतं, हे विसरू नका. तिथे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. चौघांचा जीव गेला.

वऱ्हाडी भाऊंचा प्रश्न खरा अवघड आहे. माझं मत सांगतो, दलातलेच काही जण वेगळं सांगतील. ज्या मजल्यावर आग आहे तो मजला आणि त्यावरचे दोन आधी निघावेत, बाकीचे त्यांच्यामागून. आपलं दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपावं. बाहेर धूर नसेल तर निघावं, दार मागे ओढून घ्यावं. धूर असेल तर दार लावून आत राहावं, फटीत ओलं कापड, मोकळ्या हवेच्या बाजूच्या खिडकीपाशी थांबावं, आणि १०१ ला फ्लॅट नंबर सांगावा. तो नंबर आमच्या माणसांपर्यंत पोचतो. पेठेतल्या साहेबांचा टॉवेल इथे कामाचा, पण तो धूर आधीच बाहेर आला असेल तेव्हाचा. जिना स्वच्छ असताना टॉवेल घेऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पण लंडनच्या दारात आणि आपल्या दारात फरक आहे. आपलं फ्लॅटचं दार बहुतेक साधं फ्लश डोअर असतं, ते फार वेळ तग धरेल असं गृहीत धरू नका. शिवाय खिडक्यांना बॉक्स ग्रिल. शिडी लावली तरी माणूस जाळीतून काढायचा कसा? कापायला वेळ जातो.

---

सातवी_खोली

मी फक्त वाचत होते, पण सासूबाईंचा उल्लेख आला म्हणून लिहिते. माझी आई अर्धांगवायूने अंथरुणाला आहे, आम्ही नवव्या मजल्यावर. आमच्या आराखड्यातही 'स्वयंसेवक' आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या ड्रिलमध्ये सचिव म्हणाले, "काकूंना त्रास नको, त्यांना घरीच राहू द्या." त्रास नको म्हणून ज्यांच्यासाठी ड्रिल, त्यांनाच वगळलं.

गेल्या महिन्यात मी भावाला आणि शेजारच्या मुलाला घेऊन चादरीत आईएवढं वजन, म्हणजे तांदळाची पोती, घालून उतरवून पाहिलं. दोघं जण तिसऱ्या मजल्यातच दमले. चादर लँडिंगवर वळताना कोपऱ्यात अडकते. चौघं लागतात, आणि तेही आलटूनपालटून. तेव्हा 'स्वयंसेवक खाली आणतील' हे ज्याने लिहिलं त्याने आधी एक पोतं उतरवून बघावं.

---

बंबवाला

ताई, तुम्ही केलंत ते समितीने करायला हवं होतं.

तुमच्या आईसाठी तळापर्यंतचा विचार सोडा. नवव्यावरून रेफ्युज किती खाली आहे? एक-दोन मजले असेल तर तिथपर्यंत. रेफ्युज त्याचसाठी असते: उघडी हवा, आणि आमची शिडी किंवा फायर लिफ्ट तिथे पोचते. मात्र तिथे गणपतीचा मांडव असेल तर नाही. जिन्यावरून घसरत नेणारी इव्हॅक्युएशन चेअर मिळते, पण ती नवव्यावर हवी, तळमजल्याच्या ऑफिसात नको. आणि चालवायचा सराव दोघांना हवा. रेफ्युज तुमच्या मजल्याच्या वर असेल तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

---

सातवी_खोली

रेफ्युज दहाव्यावर आहे. एक मजला वर.

---

बंबवाला

मग आधी दाराआड थांबायचं, दार मजबूत करून घ्यायचं, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये हलवता न येणारी व्यक्ती आहे हे गेटवरच्या कागदावर लिहून ठेवायचं. बंब येताच तो कागद अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. यापेक्षा जास्त आत्ता सांगू शकत नाही.

---

पेठेतला

गच्चीचं कुणी बोललंच नाही. माझं ठाम मत: गच्चीला कुलूपच हवं. धूर वर जातो, वर जाणं म्हणजे मरण. शिवाय पार्ट्या, पतंग, आणि नको ते प्रकार.

---

रात्रपाळी

साहेब, कुलूप असतं हे वर जाणाऱ्याला कुठं माहीत असतं? माणूस घाबरला की खाली धूर दिसला म्हणून वर पळतो. कुलूप दिसल्यावर परत खाली यायला ताकद राहत नाही.

---

तेरावा_मजला

आमच्याकडे गच्चीची किल्ली केबलवाल्याकडे, टाकी साफ करणाऱ्याकडे आणि सचिवांकडे आहे. वॉचमनकडे नाही. दाराशेजारी काच फोडून किल्ली काढायची पेटी लावू म्हटलं, तर दोन सदस्य म्हणाले मुलं रोज फोडतील. आग लागली की आपोआप सुटणारं चुंबकी कुलूपही सुचवलं, त्यावर खर्चाची चर्चा पुढच्या सभेवर गेली. @बंबवाला, तुमचं मत?

---

बंबवाला

पेटी लावा. मुलांनी चार वेळा काच फोडली तर चार काचा बदला. गच्ची ही पहिली वाट नाही, हे पेठेतल्या साहेबांचं बरोबर. पण बंद गच्ची हा सापळा, हे रात्रपाळी भाऊंचं जास्त बरोबर.

आता तुमच्या दुसऱ्या ओळीवर या, मेन स्विच. ती मला सुरुवातीपासून खुपतेय. मेन बंद केल्यावर काय काय बंद होतं, हे कुणी करून पाहिलंय?

---

तेरावा_मजला

नाही. रविवारी करून बघतो. लोकांना आधी सांगून, दोन्ही लिफ्ट रिकाम्या ठेवून.

---

तेरावा_मजला

केलं. सकाळी अकराला, सोसायटीचा इलेक्ट्रिशियन, लिफ्ट कंपनीचा माणूस आणि मी. (इलेक्ट्रिशियन कळव्याला राहतो. रविवारी यायला त्याला पन्नास मिनिटं लागली, आणि आराखड्यातली दुसरी ओळ तो आहे.)

मेन पाडला. जिन्यातले दिवे गेले. ध्वनिक्षेपक गेला, त्याची बॅटरी फुगून मेलेली आहे. म्हणजे दुसरी ओळ पाळली की तिसरी ओळ पाळताच येत नाही. एक लिफ्ट चौथ्यावर येऊन उघडली, दुसरी पाच आणि सहाच्या मध्ये थांबली. तिचा एआरडी गेल्या वर्षीपासून बंद आहे म्हणे.

फायर पंपाची लाइन मेनच्या आधीच घेतलेली निघाली, हायसं वाटलं. पण पॅनेल 'मॅन्युअल'वर. लिकेजमुळे पाइपातला दाब राखणारा जॉकी पंप सारखा चालूबंद व्हायचा, म्हणून कुणीतरी फिरवून ठेवलेला.

आणि जे मला अजिबात अपेक्षित नव्हतं: वीस-एक सेकंदांत जनरेटर आपोआप सुरू झाला. जिन्याचे दिवे परत आले, लिफ्ट हलली, आणि मीटर रूममधल्या कॉमन पॅनेलमध्ये पुन्हा वीज. इलेक्ट्रिशियन मेन पाडून 'बंद केलंय' म्हणून निर्धास्त उभा, आणि त्याच्या कोपरापाशी पॅनेल जिवंत.

---

बंबवाला

ही गोष्ट आमच्या माणसांच्या जिवाशी येते. आम्ही पोचल्यावर पहिला प्रश्न असतो, वीज बंद केली का. 'हो' म्हणणारा खरं बोलत असतो, फक्त त्याला जनरेटर माहीत नसतो. इन्व्हर्टर, सोलर असेल तर तेही धरा.

मेन पाडणं हे पहिलं काम नाही. सहाव्या मजल्यावर फ्लॅट पेटला तर त्या फ्लॅटची वीज मीटर रूममधून तोडा, अख्खी इमारत अंधारात टाकून लोकांना जिन्यात ढकलू नका. मीटर रूमच पेटली असेल तर आत कुणीही जायचं नाही, इलेक्ट्रिशियनसुद्धा. तेव्हा वीज कंपनीला फोन. जनरेटर बंद करायचा का, हा निर्णय आमच्या अधिकाऱ्यावर सोडा, पण त्याचं बटण कुठे आहे हे वॉचमनला दाखवून ठेवा.

आणि सहावी ओळ. गेटजवळ जमायचं म्हणता, मग बंब कुठून येणार?

---

रात्रपाळी

गेटजवळ पाहुण्यांच्या गाड्या पण असतात साहेब. शनिवारी रात्री तर दोन्ही बाजूंनी.

---

तेरावा_मजला

गेटची मोजणी केली. दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्यावर मध्ये तीन मीटरपेक्षा थोडं कमी उरतं. तिथेच साडेतीनशे माणसं उभी करायचा बेत होता. बाग आहे मागे, पण तिचं फाटकही दहाला बंद.

तर आत्तापर्यंत झालेलं सांगते. विटा काढल्या (नवव्यावर परत आली, परत काढली). रेफ्युज रिकामी केली, मांडव ठेवायला जागा शोधतोय. व्यायामशाळेच्या जाळीचं कुलूप काढून आतून ढकलून उघडणारी दांडी बसवायची ऑर्डर दिली. पंप 'ऑटो'वर, लिकेज काढायला माणूस बोलावलाय. गेटवर हिंदीत एक पान लावलं, त्यात पहिलं वाक्य: 'पहले 101 लगाओ, फिर किसी को पूछो.' जमायची जागा बाग, फाटकाला कुलूप नाही.

चपलांचं कपाट अजून तिथेच आहे. कपाटाच्या मालकांचं म्हणणं, तुळस हलवता येत नाही.

मजला प्रमुखांची २०१९ ची यादी तपासली. चौदापैकी तिघं घर विकून गेले, एक वारले, दोघं दुबईत, आणि एका काकांना आपण प्रमुख आहोत हे माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. ते ८१ वर्षांचे आहेत. भाडेकरू त्या यादीत एकही नाही, आणि आमच्याकडे एकवीस फ्लॅट भाड्याने आहेत.

---

विलायती_वऱ्हाडी

मजला प्रमुख हा प्रकारच मला पटत नाही. दिवसा निम्मे कामावर. एका मजल्याला तीन नावं ठेवा, त्यात एक दिवसभर घरी असणारी गृहिणी किंवा निवृत्त माणूस, एक भाडेकरू. आणि त्यांना घरोघरी फिरायला लावू नका. दार वाजवायचं, ओरडायचं आणि स्वतः निघायचं. शिरगणती खाली.

---

पेठेतला

शिरगणती कागदावर करणार की व्हॉट्सॲपवर? आमच्याकडे व्हॉट्सॲपवर ठरली होती. ड्रिलच्या वेळी ग्रुपवर चाळीस 'सेफ' आले, त्यातले सहा जण ऑफिसात होते.

---

तेरावा_मजला

हाहा. कागदावर. पण रात्री किती पाहुणे आलेत हे कुठल्याही कागदावर नसतं, तिथे अजून अडलंय.

---

बंबवाला

तिथे आम्हीही अडतो.

ड्रिल कधी घेताय? उंच इमारतीत पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे सहा महिन्यांनी घ्यावी असं बिल्डिंग कोड सांगतो. तुमची शेवटची कधी झाली?

---

तेरावा_मजला

फाइलीत फोटो आहेत २०१९ चे. सकाळी दहा वाजता, सगळे हसतायत, पाठीमागे लिफ्टमधून उतरणारी माणसं दिसतायत.

पुढची येत्या महिन्यात, संध्याकाळी साडेआठला, मागचा जिना मुद्दाम बंद धरून. रात्रीची घ्यायला समितीतले चौघं विरोधात, दोघं बाजूने. सासूबाई म्हणतात, मला उतरवायचं नाटक करू नका, मला खरंच उतरवा. बाराव्यावरची दोन पोरं तयार झालीत. चेअर मागवली आहे, आली की आधी तांदळाच्या पोत्यावर.

---

सातवी_खोली

पोत्याला हात नसतात, ते कठडा धरत नाही. आईने धरला होता. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

---

तेरावा_मजला

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सांगते त्यांना. ड्रिल झाली की इथेच लिहीन.